एकाच दिवशी घेतलेल्या सहा गाड्या

माझ्या धाकट्या दिराला, म्हणजे आमच्या भाऊजींना, गाडी चालवता येत नाही. त्यांनी चौतीस वर्षं टॅक्सी चालवली, एकदाही कुणाला धक्का लावला नाही, तरी येत नाही. हे मी त्यांना दाखवून लिहिते आहे. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढे तुम्ही अकरा लिहिलंय. अकरा पॉइंट चार लिहा. उगाच माणसाला खाली ओढू नका."

तर अकरा पॉइंट चार. त्याचं काय ते पुढे येईलच.

भाऊजींच्या सहा टॅक्सी होत्या. ही गोष्ट घडली त्याच्या सात वर्षं आधी त्यांनी त्या सहाही एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच पांढऱ्या रंगात घेतल्या, कारण सहा एकदम घेतल्या तर शोरूमवाला सीटकव्हरं फुकट देत होता. त्या दिवशीचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. सहा गाड्या ओळीने उभ्या, पुढे भाऊजी हाताची घडी घालून, आणि कोपऱ्यात माझी धाकटी जाऊ, अर्धी कापलेली. धाकटीला मी तेव्हाच म्हणाले होते, "सगळी पोरं एकाच दिवशी जन्माला घातलीत, आता सगळ्यांना दात एकाच दिवशी येणार." ती हसली. भाऊजी हसले नाहीत. सीटकव्हरांचं त्यांना कौतुक होतं.

दात आले. पाचव्या वर्षी एका महिन्यात चार गाड्यांचे क्लच गेले. सहाव्या वर्षी सहाही बॅटऱ्या पंधरवड्यात मेल्या. भाऊजी म्हणाले, दृष्ट लागली. त्यांच्या मेकॅनिकला सगळे वैद्य म्हणतात, कारण बॉनेट उघडण्याआधी तो तळहात टेकवून डोळे मिटतो. तो म्हणाला, "शेठ, दृष्ट नाही. वय."

एवढं होऊनही भाऊजींचं बरं चाललं होतं, कारण गाड्यांचे हप्ते संपले होते. हप्ता संपला की गाडी फुकट, हे त्यांचं अर्थशास्त्र. फुकटची गाडी, त्यात पेट्रोल घाला, ड्रायव्हरला धंद्याचा तिसरा हिस्सा द्या, मोडली तर वैद्याकडे न्या, उरलं ते आपलं. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण घरच्या माणसांना शिकवायच्या भानगडीत कधी पडले नाही.

मग इस्पितळाची जाहिरात आली.

गावातल्या मोठ्या इस्पितळात डायलिसिसच्या दहा खाटा आहेत. रोज तीन पाळ्या: सहा ते दहा, अकरा ते तीन, चार ते आठ. प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून तीनदा यावं लागतं आणि चार तास यंत्राला जोडून बसून माणूस घरी जाताना पिळून काढलेल्या फडक्यासारखा झालेला असतो. अशा तीस माणसांना रोज घरून आणायचं आणि घरी सोडायचं, असं तीन वर्षांचं कंत्राट. भाऊजींना ते हवंच होतं. फोनवरून टॅक्सी बोलावणाऱ्या कंपन्या आल्यापासून स्टँडवरचा धंदा निम्म्यावर आला होता. हे कंत्राट मिळालं नाही तर वर्षभरात तीन गाड्या विकाव्या लागतील आणि तीन ड्रायव्हरांना घरी बसवावं लागेल, हे त्यांनाही कळत होतं. त्या तिघांत कोण, यावर स्टँडवर चर्चाही सुरू झाली होती.

फक्त एक अडचण होती. इस्पितळाच्या वाहतूक अधिकारी बाईंनी दरपत्रकासोबत लेखी योजना मागितली होती. गाड्या किती वापरात असतात, इंधन किती लागतं, देखभाल कधी होते, चालकांना पगार कसा देता, गाड्या कधी बदलणार. पाच आठवड्यांची मुदत होती.

भाऊजींनी योजना आणून माझ्यासमोर ठेवली. अर्धं पान होतं. 'आमच्या सहा गाड्या नेहमी तयार असतात. इंधन योग्य प्रमाणात घातले जाते. देखभाल उत्तम. चालक समाधानी. गाड्या गरज पडल्यास बदलू.' खाली सही आणि सहीखाली दोन रेघा.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे लग्न जमवायचं पत्र झालं. मुलगा निर्व्यसनी आहे वगैरे. आकडे कुठे आहेत?"

"आकडे तुम्ही घाला ना. तुमचा तो विषय."

"आकडे घालायचे नसतात. मोजायचे असतात."

"मोजायला काय, सहा गाड्या आहेत."

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर अंगणात गेले. अंगण म्हणजे त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड, तिच्यात सहा गाड्यांची जागा, एक नळ, एक बाक आणि भिंतीवर किल्ल्यांचे सहा खिळे. सकाळचे अकरा वाजले होते. सहा खिळ्यांपैकी दोनांवर किल्ल्या होत्या.

"या दोन का उभ्या आहेत?"

"तीन नंबर वैद्याची वाट बघतेय. पाच नंबरला आज विश्रांती."

"म्हणजे काय दुरुस्ती?"

"दुरुस्ती नाही. विश्रांती. मशीनलाही आराम लागतो, वहिनी."

"ड्रायव्हरला देता का आराम?"

"तो मागत नाही."

तर मी एक वही आणली. रकाने आखले: तारीख, गाडीचा नंबर, सकाळचं मीटर, रात्रीचं मीटर, त्यातले प्रवासी असतानाचे किलोमीटर, पेट्रोलचे लिटर, ड्रायव्हरची सही. आणि एक नियम केला, टाकी भरायची ती काठोकाठ, एकाच पंपावर. आतापर्यंत हे लोक पाचशेचं, तीनशेचं, समोर जसा खिसा असेल तसं भरत. टाकीत आधी किती होतं कुणालाच माहीत नाही, मग गाडी लिटरमागे किती धावते ते कसं कळणार? दोन वेळा काठोकाठ भरली, की मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. सहावीच्या मुलाला येतं. टॅक्सीच्या धंद्यात चौतीस वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

ड्रायव्हरांत एक मुका आहे. तो अखंड बोलतो म्हणून त्याला मुका म्हणतात. तो म्हणाला, "काकू, प्रवासी असतानाचं आणि नसतानाचं वेगळं लिहायचं म्हणजे डोक्याला ताप. रिकामी गाडी पण गाडीच ना."

"रिकामी गाडी पेट्रोल पीत नाही का?"

"पिते."

"त्याचे पैसे कोण देतं?"

"शेठ."

"म्हणून तुला ताप नाही. आता घे थोडा."

महिनाभर वही भरली. मधे आठवडाभर भाऊजी तापाने झोपून होते, त्यामुळे उलट वही जास्त नीट भरली गेली. महिना संपल्यावर मी दोन दिवस बसले.

सहा गाड्या, तीस दिवस, म्हणजे एकशे ऐंशी गाडी-दिवस. त्यातले गाडी रस्त्यावर होती असे एकशे एक्केचाळीस. एकोणचाळीस दिवस गाड्या उभ्या: बावीस दिवस दुरुस्तीला, नऊ दिवस ड्रायव्हर नव्हता म्हणून आणि आठ दिवस विश्रांती. म्हणजे सरासरी रोज एक गाडी आणि दर तिसऱ्या दिवशी आणखी एक, शेडमध्ये आरामात. बरं, ज्या रस्त्यावर होत्या त्यांचे शंभरातले बेचाळीस किलोमीटर रिकामे. भाऊजींनी दर काढला होता तो सगळे किलोमीटर भाड्याचे धरून. त्या दराने कंत्राट मिळालं असतं तर वर्षात देशोधडीला लागले असते, तेही आनंदाने.

मुदतीच्या आदल्या शनिवारी दुपारी मी सगळ्यांना भाऊजींच्या जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. भाऊजी, पाच ड्रायव्हर आणि वैद्य. धाकटी चहा करत होती.

देखभालीपासून सुरुवात केली, कारण त्यात कुणाचा अपमान नव्हता असं मला वाटलं. चार नंबरची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत होती, दुसऱ्या आठवड्यात तेरावर आली. मी वैद्याला कळवलं होतं. त्याने उजवं पुढचं चाक उचलून फिरवलं तर ते फिरेना, ब्रेक धरून राहिला होता. सकाळी साफ करून दिला, दुपारी गाडी परत धंद्याला.

"नाहीतर काय झालं असतं?" मी वैद्याला विचारलं.

"ड्रम तापला असता, लायनर गेले असते, टायर खाल्लं असतं. चार दिवस माझ्याकडे."

"आणि हा ड्रायव्हर तुझ्याकडे कधी आला असता?"

वैद्य मुक्याकडे बघून म्हणाला, "चाक निघून पुढे गेल्यावर."

मुका गप्प बसणारा नव्हता. "बरोबर आहे ना काकू. गाडी वैद्याकडे गेली की माझा त्या दिवसाचा हिस्सा बुडाला. गाडीतून आवाज आला की आम्ही रेडिओ मोठा करतो. सगळेच करतात."

"मी नाही करत," दुसरा म्हणाला.

"तुझा रेडिओ बिघडलाय."

पगाराचा प्रश्न असा आपणहून टेबलावर आला. मी सांगितलं की धंद्याचा तिसरा हिस्सा ही पद्धत बंद. इस्पितळाच्या फेऱ्यांत हाती रोख येतच नाही, हिस्सा कशाचा? महिन्याचा ठरलेला पगार, गावातल्या भाड्यांवर वर थोडा हिस्सा, आणि गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवशीही पूर्ण पगार. आठवड्याला एक सुट्टी, सगळ्यांना, वेगवेगळ्या दिवशी. रस्त्यावर रोज पाच गाड्या, सात दिवस, म्हणजे पस्तीस पाळ्या. सहा माणसांनी सहा-सहा दिवस काम केलं तर छत्तीस. बरोबर बसतं.

"पेट्रोल वाचवेल त्याला बक्षीस ठेवा," मुका म्हणाला.

"नको," वैद्य तातडीने म्हणाला. "हे लोक उतारावर इंजिन बंद करतील. ब्रेक कडक होतो, स्टिअरिंग जड होतं. मला गिऱ्हाईक पाहिजे पण असं नको."

बक्षीस बाद झालं. गाडी आणि माणूस यांची रोज नोंद ठेवायची, आकडा पडला की गाडी वैद्याकडे, शिक्षा कुणालाच नाही, असं ठरलं. प्रत्येक गाडी पंधरवड्यातून एक दिवस तपासणीला. तेल आणि फिल्टर दर दहा हजार किलोमीटरला, मग ती कितीही गोड चालत असो.

"आता इंधन," मी म्हटलं आणि वही उघडली. "दोन नंबर, पंधरा पॉइंट दोन. तीन, साडेपंधरा. चार, ब्रेक सोडवल्यावर पंधरा. पाच, पंधरा पॉइंट सहा. सहा, पंधरा." इथे मला थांबायचं नव्हतं, तरी थांबले. "एक नंबर, अकरा पॉइंट चार."

एक नंबर भाऊजी स्वतः चालवत.

मुका छताचा पंखा बघायला लागला.

"एक नंबरचं इंजिन आधीपासून जरा जास्त पिणारं आहे," भाऊजी म्हणाले. "एखाद्या माणसाची भूकच मोठी असते."

"सहाही गाड्या एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून आल्यात ना?"

"सख्ख्या भावंडांत पण फरक असतो. तुमच्या सासरचंच बघा."

यावर मला बरंच बोलता आलं असतं, पण माझ्यासमोर दुसरंच कोडं होतं. "एक नंबरची टाकी महिन्यात दहा वेळा भरली. आठ वेळा अकराच्या आसपास आकडा आहे. मधे लागोपाठ दोन वेळा साडेपंधरा आहे. सरासरी मी त्या आठांचीच घेतली. या दोन नोंदींवर सही नाही. मी त्या चुकीच्या समजून खोडणार होते."

"खोडा," भाऊजी म्हणाले. "चुकीच्याच आहेत. माझ्या तापातल्या तारखा आहेत या. गाडी शेडमध्येच होती."

"गाडी शेडमध्ये होती तर मीटर साडेनऊशे किलोमीटर पुढे कसं गेलं?"

पाचही ड्रायव्हर टेबलाखाली आपापल्या बुटांकडे बघायला लागले. वैद्याने बशीतला चहा फुंकायला घेतला; चहा गार झालेला होता.

"चूक नाहीये ती," धाकटी म्हणाली. ती किटली घेऊन दारात उभी होती. "मी चालवली."

धाकटीकडे टॅक्सीचा परवाना आहे, हे मला माहीत नव्हतं. भाऊजींना माहीत होतं. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनीच तिला काढायला लावला होता, अडीअडचणीला असावा म्हणून. त्यानंतर अडचण कधी आली नव्हती, कारण ती आली आहे हे ते कबूलच करत नसत.

"तू," भाऊजी म्हणाले. "माझी गाडी."

"तुम्ही अंगावर चार पांघरुणं घेऊन पडला होता. सकाळी फोन येत होते. गाडी उभी ठेवून काय करायचं? सहा दिवस गेले. पंपावर सांगितल्याप्रमाणे काठोकाठ भरली. सही नाही केली. म्हटलं, तुम्हाला ताप वाढेल."

"आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"शेठ, मी कुणाला बोललो नाही," मुका म्हणाला. या माणसाने आयुष्यात गुप्त ठेवलेली ती एकच गोष्ट असावी.

मी वैद्याकडे वळले. "एकच गाडी, एकच इंजिन. एक माणूस बसला की साडेपंधरा, दुसरा बसला की साडेअकराच्या आत. काय कारण असेल?"

वैद्याने आधी भाऊजींची माफी मागितली, मग सांगितलं. "शेठचा डावा पाय क्लचवर असतो. दाबत नाहीत, नुसता टेकवलेला असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत. क्लच अर्धा सुटलेला, इंजिन फिरतंय आणि ती ताकद पूर्ण चाकाला जात नाही. सात वर्षांत बाकीच्या गाड्यांना मी दोन-दोन क्लचप्लेटा घातल्या. एक नंबरला पाच."

"पाच," भाऊजी हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही ओळखीचं माणूस भेटलं की गाडी सुरू ठेवून, एसी लावून गप्पा मारता."

"गावात ओळखीचं नसलेलं कोण आहे?" मुका म्हणाला.

"तेच तर."

वहीतला शेवटचा रकाना मी वाचला नाही. एक नंबरचे शंभरातले एकसष्ट किलोमीटर रिकामे लिहिलेले होते, पण गाडी रिकामी नव्हती. भाजीवाली, शाळेतले जुने मास्तर, कुणाची गरोदर सून, कुत्र्याला डॉक्टरकडे नेणारे एक गृहस्थ. भाडं घेतलं नाही म्हणजे प्रवासी नाही, असं समजून भाऊजींनी प्रामाणिकपणे रिकामे लिहिले होते.

ते उठून शेडमध्ये गेले. ड्रायव्हर आणि वैद्य पांगले. धाकटी मला म्हणाली, "ताई, तुम्ही खोडलं असतंत तर बरं झालं असतं."

"खोडलं असतं तर कंत्राटाचा दर खोटा निघाला असता."

"ते कळतंय मला."

माझ्यासमोरचं गणित साधं होतं. योजनेत एक नंबरचा चालक म्हणून भाऊजींचं नाव घातलं की इंधन आणि दुरुस्तीचा खर्च एवढा वाढे, की दर दुसऱ्या दरपत्रकांपुढे टिकला नसता. त्यांना चालक म्हणून काढलं तर पाच माणसं उरत आणि पस्तीस पाळ्या बसत नसत. सहावं माणूस दारात किटली घेऊन उभं होतं. पण हे सांगायचं मी नाही, असं मी ठरवलं. सांगितल्याशिवाय राहवत नाही हा माझा दोष आहे, म्हणून मी घरी निघून गेले.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले तर टेबलावर आगकाड्या पसरलेल्या. भाऊजींनी दाढी केली नव्हती. दहा काड्या पहिल्या पाळीच्या, दहा मोडक्या काड्या दुसरीच्या, दहा जळक्या तिसरीच्या. इस्पितळाने रुग्णांचे पत्ते दिले होते आणि टेबल म्हणजे गाव होतं, मीठदाणी इस्पितळ.

"वहिनी, तुम्ही म्हणालात शंभरातले बेचाळीस रिकामे. आता हे बघा. अकराच्या पाळीच्या दोघांना घेऊन गाडी पावणेअकराला इस्पितळात पोचली. तीच गाडी सहाच्या पाळीचे दोघे घेऊन निघाली. जाताना भरलेली, येताना भरलेली. दोन रिकाम्या फेऱ्या वाचल्या. आणि जोड्या अशा लावायच्या की सोडायचा माणूस नि आणलेला माणूस एकाच बाजूचे. गाडी पुन्हा त्याच भागात मोकळी होते, तिथलंच गावातलं भाडं घ्यायचं."

"दहाला सुटलेला माणूस पावणेअकरापर्यंत काय करेल?"

"सुया काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटं हात दाबून धरावा लागतो. रक्तदाब बघतात. लगेच उठलं तर चक्कर येते. मास्तरांना मी वर्षभर नेतोय ना." फुकट नेतोय, असं ते म्हणाले नाहीत. "या दोघांना एका गाडीत घालायचं नाही, यांचा भिंतीवरून दावा चालू आहे. ही बाई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, तिथे तगडा ड्रायव्हर पाहिजे. या गल्लीत सकाळी दुधाची गाडी आडवी असते, मागून जायचं."

मी तीस वर्षं मुलांना असली गणितं घातली. शंभरातल्या पंचवीसांहून जास्त मुलांना ती सुटत नसत. या माणसाने मीठदाणी आणि काडेपेटीवर रिकामे किलोमीटर बेचाळिसावरून एकोणतिसावर आणले. मी दोनदा पडताळून पाहिले.

"हे रोज कोण बसवणार?" मी विचारलं. "रोज कुणीतरी आजारी पडणार, कुणाची वेळ बदलणार."

"फोनपाशी एक माणूस लागेल. दिवसभर. गावाची माहिती असलेला." त्यांनी एक काडी सरळ केली. "गाडी न चालवणारा."

धाकटी आतून म्हणाली, "चहा ठेवू का?"

"ठेव," ते म्हणाले. "आणि तुझा परवाना बघ कुठे आहे. नूतनीकरण केलंय की तसाच पडलाय?"

"केलंय. दर वेळी."

त्यावर त्यांनी सगळ्या काड्या गोळा केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मांडल्या.

राहिल्या गाड्या बदलणं. इस्पितळाचा नियम असा, की आठ वर्षांवरची गाडी चालणार नाही, राखीवसुद्धा. आमच्या सहाही गाड्या पुढच्या वर्षी एकाच सकाळी आठ वर्षांच्या होणार होत्या. कंत्राट तीन वर्षांचं, आणि दुसऱ्या वर्षी दारात एकही चालणारी गाडी नाही. सीटकव्हरं मात्र चांगली होती.

भाऊजींना मी समजावलं की हप्ता संपला तेव्हा गाडी फुकट झाली नव्हती, रोज थोडी थोडी विकली जात होती. तो हप्ता स्वतःलाच भरत राहायला हवा होता. आता दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात, तिला हात लावायचा नाही. दोन गाड्या आत्ता विकायच्या, किंमत येते तोवर, आणि ते पैसे दोन नव्यांना आगाऊ म्हणून भरायचे. आणखी दोन सहा महिन्यांनी, पाचवी गाडी वर्ष संपण्याआधी. सहावी जुनी फक्त गावातल्या भाड्याला. पुन्हा कधीही दोनांहून जास्त गाड्या एकदम घ्यायच्या नाहीत.

"काही फुकट मिळत असलं तरी?"

"तरीही."

योजना दिल्यानंतरच्या सोमवारी वाहतूक अधिकारी बाई शेड बघायला आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात आमची अकरा पानं. त्यांनी किल्ल्यांचे खिळे मोजले, वही चाळली, एका टायरच्या नक्षीची खोली नाण्याने मोजली. मग बाकावर बसल्या.

"रोज चार गाड्या आम्हाला, पाचवी गावात, सहावी राखीव किंवा गॅरेजमध्ये. सहावी गॅरेजमध्ये असेल त्या दिवशी आमची एक बंद पडली तर?"

"पाचवी वळवायची," भाऊजी म्हणाले. "गॅरेजच्या दिवशी तिला गावाबाहेरचं भाडं घेऊ देत नाही. वीस मिनिटांत दारात."

"आणि सहा जुन्यांपैकी तुम्ही एकच ठेवणार ती सहावी. पुढच्या वर्षी आठ वर्षांची झाल्यावर ती आमच्या कामाला येणार नाही."

"नाही येणार. तेव्हा गावातल्या कामाला तीच आणि राखीव नवी. पान नऊ."

बाईंनी पान नऊ काढलं, मान हलवली. मग वहीत बोट ठेवलं. "एक नंबरच्या गाडीत दोन वेगळे आकडे आहेत. साडेअकरा आणि साडेपंधरा. योजनेत तुम्ही पंधरा धरलंय. कशावरून?"

माझ्याकडे उत्तर होतं. दोन वाक्यांत, सभ्य आणि काहीच न सांगणारं. मी तोंड उघडलं तर भाऊजींनी हात वर केला.

"अकरा पॉइंट चार," ते म्हणाले. "ते माझे. साडेपंधरा हिचे." आणि धाकटीकडे बोट दाखवलं. ती नळापाशी गाडीची काच पुसत होती. "गाडी तीच. आता ती चालवणार. मी फोनपाशी."

बाईंनी धाकटीकडे बघितलं, मग भाऊजींकडे. "दरपत्रकाबरोबर आलेल्या वह्यांत," त्या म्हणाल्या, "आतापर्यंत सगळ्यांच्या सगळ्या गाड्या अठरा देतात. रोज. एकही खोडलेला आकडा नाही." वही मिटली. "ही मी बरोबर नेते."

कंत्राट नऊ दिवसांनी मिळालं. मुक्याने ती बातमी भाऊजींच्या आधी सगळ्या गावाला सांगितली.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. फोटोतल्या सहांपैकी एकच गाडी उरली आहे आणि ती नेमकी एक नंबरची. ती विकायला भाऊजी तयार झाले नाहीत, तेवढं एक कलम मी बदलू दिलं, कारण सहावा क्लच नुकताच घातला होता. किल्ल्यांच्या खिळ्यांवर दिवसा एकच किल्ली असते, कधी तीही नाही. मास्तर आता इस्पितळाच्या यादीत आहेत आणि वेळेवर येतात. फुकटच्या फेऱ्यांसाठी योजनेत महिन्याला दोनशे किलोमीटरचं एक कलम आहे. ते माझंच. शीर्षक 'इतर'. भाऊजी दर महिन्याला दोनशे वीस करतात आणि वीसबद्दल माझ्याशी भांडतात.

परवा त्यांच्याबरोबर मीही गेले होते वैद्याकडे. धाकटी चालवत होती, मी मागे, ते तिच्या शेजारी. प्रत्येक चौकात त्यांचा डावा पाय आपोआप पुढे जाई आणि पायपुसण्यावर टेकून बसे.

"अहो," धाकटी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाय."

"इथे कुठे क्लच आहे?"

"पायपुसणं आहे. तिसरं आहे ते."